जुन्या व्हिडिओंच्या शीर्षकांची शीट

यूट्यूब चॅनेलवरच्या जुन्या व्हिडिओंची शीर्षके आणि वर्णने एका साच्यात आणायची आहेत. त्यासाठी आज शीटचे रकाने पक्के केले. A मध्ये व्हिडिओचा आयडी, B मध्ये जुने शीर्षक जसेच्या तसे, C मध्ये विषय, D मध्ये भाग क्रमांक, E मध्ये मालिका. B ला हात लावायचा नाही. नवे शीर्षक फसले तर परत जायची वाट तीच.

आयडी पेस्ट करण्याआधी A रकाना साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये ठेवावा लागतो. यूट्यूबचे काही आयडी वजाच्या चिन्हाने सुरू होतात. शीट त्यांना सूत्र समजते आणि तिथे एरर दिसते.

जुन्या शीर्षकांचा गोंधळ बहुतेक क्रमांकात आणि मालिकेच्या नावात असतो: कुठे ‘भाग ७’, कुठे ‘पार्ट 07’, कुठे काहीच नाही. म्हणून D मध्ये फक्त आकडा लिहायचा. E मध्ये टाइप करायचेच नाही, ड्रॉपडाउनमधून निवडायचे. मग F मध्ये:

```
=TEXTJOIN(" | ",TRUE,C2,IF(D2="","","भाग "&D2),E2)
```

त्यातल्या TRUE मुळे रिकामा रकाना वगळला जातो. सुटा व्हिडिओ असेल तर मधे नुसती उभी रेघ लोंबकळत राहत नाही. विषय पहिला ठेवला, कारण यादीत लांब शीर्षकाची शेपटीच कापली जाते.

उदाहरणार्थ ‘सायकलची साखळी साफ करणे | भाग 7 | सायकल दुरुस्ती’. डोळ्यांना मोकळ्या जागा धरून 34 अक्षरे दिसतात, `=LEN(F2)` मात्र 47 सांगते. काना, वेलांटी, उकार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगळे मोजले जाते. शीर्षकाची मर्यादा 100 आहे. मराठीत ती वाटते त्याहून बरीच लवकर भरते. म्हणून G मध्ये LEN ठेवून 100 च्या वरचा आकडा लाल होईल असे केले.

वर्णनाचे गणित आणखी आवळलेले आहे. यूट्यूबच्या एपीआयच्या नियमात मर्यादा 5000 बाइटची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, म्हणजे निव्वळ मराठीत साधारण 1,666 चिन्हे. तेव्हा सारांश H मध्ये हाताने लिहायचा आणि मालिकेचा ठरावीक मजकूर ‘मालिका’ नावाच्या दुसऱ्या पानावरून आणून I मध्ये दोन्ही जोडायचे:

```
=TEXTJOIN(CHAR(10)&CHAR(10),TRUE,H2,
IFNA(VLOOKUP(E2,'मालिका'!A:B,2,FALSE),""))
```

ड्रॉपडाउनची यादीही त्याच पानाच्या A रकान्यातून घेतली, म्हणजे नावांची यादी एकाच ठिकाणी राहते. सारांश मात्र सूत्राने बनवू नये. प्रत्येक व्हिडिओखाली तेच वाक्य आले तर आत काय आहे ते बघणाऱ्याला कळत नाही.

अनेक ओळींचा सेल कॉपी करून वर्णनाच्या चौकटीत टाकला की दोन्ही टोकांना दुहेरी अवतरण चिन्हे येतात. मजकुरात आधीच असलेली चिन्हे दुप्पट होतात. सेव्ह करण्याआधी पहिले आणि शेवटचे अक्षर पाहायचेच.

चॅनेलवर चढवलेल्या ओळीतली सूत्रे काढून तिथे फक्त मूल्ये पेस्ट करायची. नाहीतर पुढे साचा बदलला की जुन्या ओळीही बदलतात, आणि शीट एक सांगते, चॅनेलवर दुसरेच असते.