वॉलेट गोठलं आणि एका नावापायी तीन आठवडे गेले

वॉलेट उघडल्यावर शिल्लक दिसत होती, पण पाठवायचं बटण दाबलं जात नव्हतं. वर एक पट्टी होती: ओळख पडताळणी होईपर्यंत तुमच्या खात्यावर मर्यादा घातली आहे. त्या शिल्लकीत माझा वाटा फक्त सातवा होता. बाकीचे सहा वाटे माझ्या मैत्रिणींचे होते आणि त्या रोज विचारत होत्या. म्हणून आधीच सांगते, हे मी रागातून लिहिते आहे. खातं सुटलं, पैसेही मिळाले, पण जी एक गोष्ट कुणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर तीन आठवडे वाचले असते, ती शेवटपर्यंत कंपनीतल्या कुणीही सांगितली नाही.

झालं असं की आम्ही सातजणींनी सहलीसाठी एक घर भाड्यानं घ्यायचं ठरवलं. सहाजणींनी आपापला वाटा माझ्या वॉलेटमध्ये टाकला, सगळ्यांची रक्कम सारखी आणि सगळ्यांचे पैसे दोन तासांच्या आत आले. माझा वाटा मी बँकेतून वॉलेटमध्ये भरला आणि त्याच संध्याकाळी सगळी रक्कम घरमालकांना एकदम पाठवली. आठवड्यानं त्यांच्याकडे पाण्याची लाइन फुटली, त्यांनी बुकिंग रद्द करून पैसे परत पाठवले. दुसरं घर मिळालं होतं, पण त्याचे मालक बँकेतच पैसे घेणार होते. म्हणून मी सगळी रक्कम एकदम बँकेत वळती करायला गेले आणि तिथेच खातं गोठलं.

आमच्या दृष्टीनं ही वर्गणी होती. कंपनीच्या यंत्रणेला दिसलं ते वेगळंच: एरवी महिन्याकाठी दोन-चार किरकोळ व्यवहार होणाऱ्या खात्यात अचानक सहा जणांकडून सारख्या रकमा येतात, काही तासांत एकाच माणसाकडे जातात, तिथून परत येतात आणि लगेच बाहेर काढल्या जातात. फसवणुकीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यातून फिरवणारे लोक अगदी असंच करतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त चिडले होते.

ओळखीचा भाग तीन दिवसांत उरकला, त्यात फार सांगण्यासारखं नाही. पासपोर्टचा पहिला फोटो नाकारला गेला, कारण नीटनेटका दिसावा म्हणून मी खालची कड कापली होती. पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानावर तळाला अक्षरं, आकडे आणि बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी 44 जागांच्या. यंत्र आधी त्याच वाचतं. नाव, जन्मतारीख, मुदत सगळं त्यात असतं आणि आकडा चुकीचा वाचला गेला तर लक्षात यावं म्हणून पडताळणीचे अंकही असतात. त्या ओळी कापल्या किंवा त्यांच्यावर दिव्याची चमक आली की फोटो कितीही स्पष्ट असला तरी उपयोग नाही. दुसऱ्यांदा खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, पानाच्या चारही कडा दिसतील असा फोटो काढला. मग सेल्फी, मान डावीकडे, मान उजवीकडे. ओळख मंजूर.

मला वाटलं, सुटलो. खातं तसंच बंद. आता मेल आला: अलीकडच्या व्यवहारांचा उद्देश, पैशांचा स्रोत आणि प्राप्तकर्त्याशी असलेला संबंध कागदपत्रांसह स्पष्ट करा.

इथे गाडी रुतली.

मी पहिलं उत्तर लिहिलं ते मनापासून. आम्ही मैत्रिणी आहोत, सहलीला जाणार होतो, घर रद्द झालं, पैसे माझे एकटीचे नाहीत, कृपया लवकर करा. सोबत गप्पांचे चौदा स्क्रीनशॉट जोडले. सहा दिवसांनी उत्तर आलं: दिलेली माहिती अपुरी आहे. नेमकं काय अपुरं आहे, ते नाही. मी परत विचारलं, तर तेच वाक्य परत. दुसऱ्यांदा मी बँकेचं स्टेटमेंट आणि घराचा भाडेकरार पाठवला. सात दिवस गेले. उत्तर: प्राप्तकर्त्याशी असलेला संबंध स्पष्ट करा. मी लिहिलं, ते घरमालक आहेत, करार जोडला आहे. पुन्हा तेच वाक्य, शब्द न् शब्द तोच. मी फोनच्या स्क्रीनकडे बघत बसले. करार त्यांच्या हातात आहे, त्यावर सही आहे, आणखी काय स्पष्ट करायचं?

माझी मावसबहीण एका बँकेत अशाच तपासणीचं काम करते. तिला सगळा पत्रव्यवहार पाठवला. तिनं पहिली गोष्ट सांगितली ती अशी, ‘ताई, तू त्यांना गोष्ट सांगते आहेस. त्यांच्यापुढे व्यवहारांची यादी आहे. प्रत्येक ओळीसमोर त्यांना एक कागद ठेवायचा आहे. तुझ्या कागदांतून तो कुठला, हे त्यांनी शोधायचं का?’ मग म्हणाली, ‘पैसे ज्यांना गेले त्यांचं वॉलेटवरचं नाव वाच. आता करारावरचं वाच.’

करारावर घरमालकांचं नाव होतं. पैसे गेले होते त्यांच्या पत्नीच्या वॉलेटमध्ये. त्यांनीच बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं की माझं वॉलेट नाही, हिच्या नंबरवर पाठवा. माझ्या डोक्यात ते दोघं म्हणजे एकच घर होतं. कागदावर मात्र मी एका माणसाशी करार केला होता आणि पैसे दुसऱ्याच बाईला दिले होते, आणि वर दोनदा ठामपणे लिहिलं होतं की पैसे घेणारे तेच घरमालक. तपासणाऱ्याला माझं म्हणणं आणि नोंद यांत सरळ विसंगती दिसत होती. तो प्रश्न परत परत येत होता, कारण त्याचं उत्तर मी एकदाही दिलं नव्हतं.

मी बहिणीला विचारलं, मग हे एका ओळीत लिहायला काय जात होतं? ती म्हणाली की तपासणीत नेमकं काय खटकलं ते उघड करायला कंपन्या धजत नाहीत. एखाद्या व्यवहाराबद्दल सरकारी यंत्रणेला संशयाचा अहवाल गेला असेल तर ते ग्राहकाला सांगायला कायद्यानंच मनाई असते. पैशांच्या अफरातफरीविरुद्धचे नियम जगभरासाठी सुचवणारी एफएटीएफ ही संस्था 1989 पासून आहे आणि तिच्या शिफारशींतच ही मनाई आहे. हे मला पटतं. पण संशय उघड करणं वेगळं आणि ‘प्राप्तकर्त्याचं नाव तुमच्या करारावर दिसत नाही’ एवढं सांगणं वेगळं. तेवढं सांगितल्यानं कुणाचा तपास बिघडला असता, हे मला अजून कळत नाही.

तिसरं उत्तर लिहायला एक अख्खी संध्याकाळ गेली. एका पानावर दहा ओळींचा तक्ता केला: सहाजणींचे सहा व्यवहार, माझी भर, पाठवलेली रक्कम, परत आलेली रक्कम आणि बँकेत वळती करायचा अडलेला प्रयत्न. प्रत्येक ओळीत तारीख, वॉलेटमध्ये दिसतो तो व्यवहार क्रमांक, रक्कम, समोरच्या व्यक्तीचं वॉलेटवर आहे तसंच नाव, कारण आणि जोडलेल्या कागदाचा क्रमांक. परत आलेली रक्कम थोडी कमी होती, मधे शुल्क कापलं गेलं होतं. तो फरकही लिहिला, कारण आकडे जुळले नाहीत की नवा प्रश्न आलाच. तक्त्याच्या खाली चार वाक्यं:

‘करार ज्यांच्याशी झाला आणि रक्कम ज्यांना गेली त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, हे आधीच्या उत्तरांत मी स्पष्ट केलं नव्हतं. रक्कम घरमालकांच्या सांगण्यावरून त्यांच्या पत्नीच्या वॉलेटवर पाठवली. तसं सांगणारा त्यांचा मेल, व्यवहाराच्या आदल्या दिवसाच्या तारखेचा, कागद क्रमांक 3 म्हणून जोडला आहे. रद्द झाल्याचा आणि रक्कम त्याच वॉलेटवरून परत केल्याचा मेल कागद क्रमांक 4 आहे.’

मेल व्यवहाराच्या आधीचा होता, हे इथे फार मोलाचं ठरलं. खातं गोठल्यानंतर कुणाकडून लिहून आणलेल्या पत्राला तेवढं वजन नसतं, हे बहिणीनं बजावून सांगितलं होतं. मला मेल सापडला नसता तर तसंच पत्र घ्यावं लागलं असतं, आणि पत्नीच्या ओळखपत्राची प्रत मागायची वेळ आली असती.

आता आठवलं म्हणून सांगते, स्टेटमेंट बँकेच्या साइटवरून उतरवलेली मूळ पीडीएफच द्या. मी पहिल्यांदा खासगी खर्चाच्या ओळी काळ्या करून दिल्या होत्या. माझा हेतू साधा होता, पण फेरफार केलेली फाइल म्हणून तीही बाद झाली.

आणखी एक चूक मधल्या आठवड्यात केली. उत्तर येईना म्हणून दोन नवीन तक्रारी उघडल्या. प्रत्येकीला नवा क्रमांक मिळाला, प्रत्येक वेगळ्या माणसाकडे गेली आणि त्या माणसानं पुन्हा पासपोर्टपासून सुरुवात केली. जुन्याच क्रमांकावर, त्याच मेलला उत्तर देत राहायचं. त्याच सुमारास सोशल मीडियावर कंपनीच्या नावानं मी कळकळून लिहिलं, तर दहा मिनिटांत ‘मदत विभागा’चा संदेश आला, ओटीपी सांगा, खातं सुरू करून देतो. तो भामटा होता. अडकलेल्या माणसाला हे लोक बरोबर हेरतात. आणि एका मैत्रिणीनं तिच्या बँकेकडे व्यवहारावर आक्षेप नोंदवायचं ठरवलं होतं. मी तिला हात जोडून थांबवलं. पैसे देणारीनंच तक्रार केली असती तर सहलीची वर्गणी हे माझं म्हणणं तिथेच कोसळलं असतं.

तिसरं उत्तर अठराव्या दिवशी गेलं. सोबत लिहिलं की पुढच्या आठवड्यात निर्णय किंवा नेमकी त्रुटी कळली नाही तर हीच औपचारिक तक्रार समजावी. कंपनीच्या अटींमध्ये तक्रार निवारणाचं पान वेगळं असतं, त्याचा पत्ताही वेगळा असतो, म्हणून मेलची एक प्रत तिकडे पाठवली. मदत विभाग फक्त निरोप्या असतो, तक्रार विभागाला लेखी उत्तर द्यावं लागतं.

चोविसाव्या दिवशी सकाळी मेल आला. दोन ओळी: पडताळणी पूर्ण झाली आहे, खात्यावरील मर्यादा हटवली आहे. नावाचा उल्लेख नाही, उशिराबद्दल एक शब्द नाही. मी चहा तसाच ठेवून बटण दाबलं आणि ते दाबलं गेलं. दुसरं घर तोवर हातचं गेलं होतं, म्हणून सहाजणींचे पैसे त्यांच्या त्यांच्या वॉलेटवर परत पाठवले, प्रत्येकीला वेगळे, आणि टिपेच्या जागेत लिहिलं: सहलीची वर्गणी परत, बुकिंग रद्द.