न वळणारे बाण: आयगेनव्हॅल्यूची नोंद, कॅरॅक्टरिस्टिक समीकरणाच्या आधीपासून

मागच्या नोंदीत डिटर्मिनंटपर्यंत आलो होतो: मॅट्रिक्स लावल्यावर क्षेत्रफळ किती पट होतं, तो आकडा. ते पक्कं असेल तर आयगेनव्हॅल्यूचा धडा समजायला आणखी फारसं काही लागत नाही. बहुतेक वर्गटिपणांत मात्र पहिल्याच ओळीत det(A − λI) = 0 येतं आणि समीकरण कुठून आलं हे कळायच्या आत वर्गसमीकरण सोडवणं सुरू होतं. ही नोंद मुद्दाम उलट क्रमाने लावली आहे. आधी चित्र, मग समीकरण. सगळी नोंद मुख्यतः या एकाच मॅट्रिक्सवर आहे:

```
A = | 3  1 |
    | 2  2 |
```

उदाहरणासाठी सममित मॅट्रिक्स मुद्दाम घेतलेलं नाही. सममित घेतलं की दोन्ही आयगेनव्हेक्टर काटकोनात येतात आणि ते नेहमीच तसे असतात असा समज बसतो, जो नंतर काढायला जड जातो.

आलेख कागदावर आरंभबिंदूपासून चहूबाजूंना एकेक एकक लांबीचे बाण काढा, आणि प्रत्येक बाणाला A लावल्यावर तो कुठे जातो ते दुसऱ्या रंगाने काढा. (1, 0) जातो (3, 2) ला, म्हणजे 0° वरचा बाण साधारण 33.7° वर येतो. (0, 1) जातो (1, 2) ला, म्हणजे 90° वरचा बाण 63.4° वर उतरतो. पहिला घड्याळाच्या उलट दिशेने वळला, दुसरा घड्याळाच्या दिशेने. बाणाचा कोन हळूहळू वाढवला तर वळणंही हळूहळूच बदलतं, एकदम उडी घेत नाही. मग 0° आणि 90° च्या दरम्यान कुठेतरी असा बाण असलाच पाहिजे जो कुठल्याच बाजूला वळत नाही. 30° चा बाण 41.4° वर जातो, अजून वरच वळतोय. 60° चा 49.1° वर येतो, आता खाली वळतोय. 45° चा मात्र तिथेच राहतो: (1, 1) चा (4, 4) होतो. दिशा तीच, लांबी चौपट.

हाच आयगेनव्हेक्टर, आणि ‘चौपट’ मधला 4 ही त्याची आयगेनव्हॅल्यू. जर्मनमध्ये ‘आयगेन’ म्हणजे स्वतःचा. डाव्हिड हिल्बर्टने १९०४ मध्ये हा शब्द या अर्थाने वापरला आणि तो टिकला. मॅट्रिक्सच्या स्वतःच्या दिशा, असं वाचलं की अर्थ लगेच लागतो.

असाच दुसरा बाण शोधायचा तर फिरवणं पुढे चालू ठेवा. 90° चा बाण खाली वळत होता, 120° चा मात्र 130.9° वर जातो, म्हणजे पुन्हा वर वळतो. मध्ये कुठेतरी चिन्ह बदललं. ती जागा चित्रावरून अंदाजाने काढण्याऐवजी थेट मोजता येते. v = (x, y) आणि Av एकाच रेषेवर आहेत का, हे त्यांच्यामधल्या समांतरभुज चौकोनाच्या चिन्हासह क्षेत्रफळावरून कळतं. ते शून्य असेल तर बाण वळलेला नाही. इथे Av = (3x + y, 2x + 2y), म्हणून ते क्षेत्रफळ असं:

```
x(2x + 2y) − y(3x + y) = 2x² − xy − y²
                       = (2x + y)(x − y)
```

हे शून्य होतं तेव्हा y = x किंवा y = −2x. पहिली दिशा सापडलेलीच होती. दुसरी (1, −2). तिला A लावा: (3 − 2, 2 − 4) = (1, −2). जशीच्या तशी, म्हणजे आयगेनव्हॅल्यू 1. एकही डिटर्मिनंट न मांडता, λ हे अक्षरही न लिहिता, दोन्ही दिशा आणि दोन्ही पटी हातात आल्या. ही युक्ती फक्त प्रतलात चालते, पण प्रतलात ती इतकी स्वच्छ आहे की प्रत्येकाने एकदा तरी हाताने करून पाहावी.

याच क्षेत्रफळाचं चिन्ह बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. (1, −2) च्या रेषेवरचे आणि (1, 1) च्या रेषेवरचे बाण सोडले तर प्रत्येक बाण (1, 1) च्या रेषेकडेच ओढला जातो. कारण समजायला कुठलाही बाण या दोन दिशांत फोडा. (1, 0) घेतला तर

```
(1, 0) = 2/3 (1, 1) + 1/3 (1, −2)
```

A लावल्यावर पहिला तुकडा चौपट होतो, दुसरा आहे तसाच राहतो: 8/3 (1, 1) + 1/3 (1, −2) = (3, 2). बरोबर तेच, जे मॅट्रिक्स गुणून आलं होतं. म्हणजे या मॅट्रिक्सचं सगळं काम एवढंच आहे: तिरक्या चौकटीत एका दिशेने चौपट ताणायचं, दुसऱ्या दिशेला हात लावायचा नाही. 3, 1, 2, 2 हे आकडे गुंतागुंतीचे वाटत होते ते फक्त आपण उभ्याआडव्या अक्षांवरून बघत होतो म्हणून. A पाच वेळा लावला तर पहिला तुकडा 1024 पट होतो आणि बाण (683, 682) वर पोचतो, 45° च्या रेषेला जवळजवळ चिकटलेला. पायरीपायरीने गुणून पडताळा घ्या: (3, 2), (11, 10), (43, 42), (171, 170), (683, 682).

आता समीकरण. बाण वळत नाही हे Av = λv असं लिहिलं, आणि उजवी बाजू डावीकडे आणली की (A − λI)v = 0. याचा चित्रातला अर्थ असा की A − λI ही नवी क्रिया v च्या अख्ख्या रेषेला आरंभबिंदूत दाबून टाकते. प्रतलातली एक रेष बिंदूत गेली की बाकीचं सगळं प्रतल फार तर एका रेषेत मावतं, आणि रेषेला क्षेत्रफळ नसतं. क्षेत्रफळाची पट शून्य म्हणजेच det(A − λI) = 0. मागच्या नोंदीतला आकडा इथे कामाला आला.

```
(3 − λ)(2 − λ) − 2 = λ² − 5λ + 4 = (λ − 4)(λ − 1)
```

λ = 4 ठेवल्यावर काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे:

```
A − 4I = | −1   1 |
         |  2  −2 |
```

दोन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात: x = y. म्हणजे (1, 1) दाबला जातो. आणि स्तंभ बघा: (−1, 2) आणि (1, −2). दोन्ही दुसऱ्या आयगेनव्हेक्टरच्या रेषेवर. सगळं प्रतल दाबून जी रेष उरली ती हीच. योगायोग नाही. बाण दोन तुकड्यांत फोडला की A − 4I पहिला तुकडा पुसतं आणि दुसरा तेवढा मागे ठेवतं. म्हणून 2×2 मध्ये दोन आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या असतील तर एकीच्या मॅट्रिक्सचा शून्येतर स्तंभ दुसरीचा आयगेनव्हेक्टर देतो. उत्तर तपासायला हे फार सोयीचं आहे.

वहीत सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे आकडेमोड सोपी व्हावी म्हणून आधी A चं ओळ-लघुकरण करणं. दुसऱ्या ओळीतून पहिलीची 2/3 पट वजा केली तर मॅट्रिक्स त्रिकोणी होतं आणि कर्णावर 3 आणि 4/3 दिसतात. ह्या A च्या आयगेनव्हॅल्यू नव्हेत. ओळींची क्रिया बाण पोचतो ती जागाच बदलते, त्यामुळे न वळणाऱ्या दिशाही बदलतात. फसवं असं की गुणाकार 4 च राहतो, त्यामुळे डिटर्मिनंटशी ताळा जुळतो. बेरीज मात्र 13/3 येते, आणि मूळ कर्णाची बेरीज 3 + 2 = 5 आहे. म्हणून ताळा नेहमी दोन्हींचा घ्यायचा: आयगेनव्हॅल्यूंचा गुणाकार डिटर्मिनंटइतका, बेरीज कर्णाच्या बेरजेइतकी. लघुकरण करायचं ते λ ठेवून झाल्यावर, A − λI चं. तिथे v सोडवताना फक्त (0, 0) येत असेल तर λ चुकलेली आहे, पुढे जाऊ नका. बहुधा λ कर्णाऐवजी चारही घरांतून वजा झालेली असते.

वळणाचं सूत्र आणखी दोन मॅट्रिक्सवर लावून बघितलं की धड्याच्या कडा दिसतात. 90° फिरवणाऱ्या मॅट्रिक्सला (ओळी 0, −1 आणि 1, 0) ते x² + y² येतं. शून्येतर बाणासाठी ते कधीच शून्य होत नाही, कारण इथे प्रत्येक बाण वळतोच. समीकरणातून λ² + 1 = 0 येऊन ± i मिळतात ते याचंच दुसरं रूप.

दुसरं उदाहरण जास्त बारकाईने बघा: पत्त्यांची गड्डी एका बाजूला सरकवावी तसं सरकवणारं मॅट्रिक्स, ओळी 1, 1 आणि 0, 1. वळणाचं सूत्र −y² येतं. y = 0 वर ते शून्याला टेकतं, पण चिन्ह बदलत नाही. बाण फिरवत चिन्ह बदलण्याची वाट बघणारी पद्धत (किंवा तसा लिहिलेला प्रोग्रॅम) ही दिशा गाठू शकतेच असं नाही. आयगेनव्हॅल्यू 1 दुहेरी आहे, दिशा मात्र (1, 0) ही एकच, त्यामुळे बाण फोडायला दुसरी दिशाच उरत नाही. परिणाम बघायचा तर (0, 1) ला हे n वेळा लावा: (n, 1) मिळतो. तो आडव्या अक्षाकडे झुकतो खरा, पण आपल्या A सारखा पटींनी नाही, एकेक एककाने.

संगणकावर पडताळताना नेमकं इथेच सांभाळायचं.

```python
import numpy as np
S = np.array([[1., 1.], [0., 1.]])
w, V = np.linalg.eig(S)
print(V)
print(np.linalg.det(V))
print(np.allclose(S @ V, V * w))
```

NumPy आयगेनव्हेक्टर V च्या स्तंभांत देतं, ओळींत नाही. लांबी 1 केलेली असते आणि चिन्ह कुठलंही येऊ शकतं, म्हणून (1, 1) च्या जागी 0.7071 ची जोडी दिसली तर बिचकू नका. S साठी V मध्ये दोन स्तंभ दिसतात, पण दुसरा म्हणजे जवळजवळ (−1, 0) च, उरलेला घटक 10⁻¹⁶ च्या घरातला. शेवटची ओळ True सांगते, तरीही दोन दिशा मिळालेल्या नाहीत. ते उघडं पडतं det(V) मध्ये, जे शून्याला टेकलेलं असतं. अशा V चा व्यस्त काढून पुढे गेलात तर NumPy तक्रार न करता प्रचंड आकडे हातात देतं.

पुढची नोंद 3×3 ची. तिथे वळणाचं सूत्र चालत नाही, दाबून सपाट करण्याचं चित्र मात्र जसंच्या तसं चालतं.