सूर्यास्ताकडे पाठ

परवा दुपारी भाची फोन नाचवत आली. "मामा, हे बघ, आज तीन तीन वेळा अंधार पडणारे!" तारीख 21 डिसेंबर. इंदूरचा सूर्यास्त 5.47. त्याखाली नागरी संधिप्रकाश 6.12 पर्यंत, नाविक 6.40 पर्यंत, खगोलीय 7.07 पर्यंत. म्हणजे सूर्य गेल्यावर खरी रात्र यायला एक तास वीस मिनिटं. जूनमध्ये तर जवळजवळ दीड तास.

संध्याकाळी तिला गच्चीवर नेलं. आसपासच्या गच्च्यांवर सगळे पश्चिमेकडे फोन धरून उभे. मी सूर्यास्ताला नेहमी पाठ करून उभा राहतो. घरचे याला विक्षिप्तपणा म्हणतात, म्हणोत बापडे. सूर्य बुडाल्यावर पाच-दहा मिनिटांनी पूर्वेला, घरांच्या वर एक मळकट निळा पट्टा उगवतो आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी झालर असते. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपल्याच हवेवर पडलेली. सूर्य पश्चिमेला जसजसा खाली जातो तसतशी ती पूर्वेला वर चढते, आणि पंधरा-वीस मिनिटांत तिची कड विरघळून जाते. डिसेंबरात धुरळ्यामुळे ती फिकी दिसते. पावसाळा संपता संपता, आभाळ धुऊन निघालेलं असताना बघावी.

उशिरा अंधार पडण्याचं मर्म त्या सावलीतच आहे. आपल्याला सूर्य दिसेनासा झाला तरी वरच्या हवेला तो दिसत असतो, आणि ती हवा तो उजेड आपल्याकडे उधळत राहते. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश गेला की डोक्यावरची साधारण 35 किलोमीटरपर्यंतची हवा सावलीत बुडते. 12 अंशांवर सावली 140 किलोमीटरच्या आसपास पोचते. तिथं हवा इतकी विरळ की उधळायला जवळपास काही उरत नाही. उरतो तो पश्चिमेच्या कडेचा उजेड, कारण तिकडची उंचावरची हवा अजून उन्हात असते. 18 अंशांवर तोही संपतो.

या 6 अंशांचा हिशेब आम्हाला लहानपणी पक्का ठाऊक होता, फक्त अंशात नव्हे. रामबागेतल्या गल्लीत टेनिस बॉलवर क्रिकेट चालायचं. एका ठरावीक क्षणी बॅट्समन ओरडायचा, "बॉल दिसला नाही, आउट नाही!" मग हातघाईची भांडणं, आणि वरच्या खिडकीतून आजीचं "दिवेलागण झाली रे, हातपाय धुवा, शुभंकरोति म्हणा." दिवा न लावता बाहेरची कामं नीट होतात तिथवर नागरी संधिप्रकाश. आमच्या अंपायरिंगला तीच हद्द होती.

नाविक संधिप्रकाशाचं आम्हा माळव्यातल्या लोकांना काय होय! पण त्यात युक्ती आहे. जहाजावर सेक्स्टंटनं ताऱ्याची उंची मोजायची तर तारा दिसायला हवा आणि ज्यापासून मोजायचं ती समुद्राची रेघही. दिवसा तारा नाही, रात्री रेघ नाही. दोन्ही एकदम दिसण्याची संधी या वेळातच. 12 अंशांच्या पुढे रेघ पुसली जाते.

"पण आभाळ इतकं निळं का होतंय?" भाचीनं डोक्यावर बोट दाखवलं. मी इतकी वर्षं समजत होतो, दिवसा निळं असतं तेच. तसं नाही. सूर्य खाली गेल्यावर किरण ओझोनच्या थरातून फार तिरपे, लांबचा प्रवास करून येतात. ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग खातो आणि निळा पुढे सोडतो. हलबर्ट नावाच्या शास्त्रज्ञानं 1953 मध्ये हिशेब मांडून दाखवलं की ओझोन नसता तर डोक्यावरचं हे आभाळ निळं न दिसता पिवळट-करडं दिसलं असतं.

इंदूरचं बरं आहे, कर्कवृत्ताजवळ असल्यानं सूर्य बऱ्यापैकी सरळ खाली उतरतो. लंडनला मे अखेरपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मध्यरात्रीही 18 अंश खाली जात नाही. तिथल्या दुर्बीणवाल्यांना तेव्हा अंधार मिळतच नाही, मग ढग असोत वा नसोत.

आपल्याला तो बारा महिने मिळतो, निदान कागदावर. सात वाजून सात मिनिटांनी भाचीनं विचारलं, "झाली रात्र?" समोरच्या मंगल कार्यालयाचे हॅलोजन ढणढणत होते, आभाळ खालून पिवळं पडलं होतं. साडेसहानंतर आमच्या आभाळात काही बदललंच नव्हतं. महूच्या पुढे जानापावच्या टेकडीवर गेलं तर फरक कळतो, पण तिथंही ईशान्येला इंदूर उजळलेलं असतंच, आणि ते काही 18 अंश खाली जात नाही.