सकाळी जमतं, रात्री जमत नाही

भाच्याची तक्रार मी दोनदा उडवून लावली होती. "मावशी, तेवीस नंबरची लेव्हल सकाळी जमते, रात्री जमत नाही." मी म्हटलं, रात्री तुझे डोळे मिटतात म्हणून. बारा वर्षांच्या पोराच्या बग रिपोर्टला कोण विचारतंय? खरं तर इतका नेमका रिपोर्ट आमच्या पगारी टेस्टरनेही कधी दिला नव्हता.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आम्ही सात जण कोड्यांचा गेम बनवतो. फळ्या, पुली, सी-सॉ, स्प्रिंग. खेळणाऱ्याने वस्तू मांडायच्या आणि बटण दाबून पडझड बघायची. पडणं, आपटणं हे सगळं बॉक्सटूडी नावाचं फिजिक्स इंजिन करतं. एरिन कॅटो यांनी बनवलेलं, फुकट मिळणारं. 'अँग्री बर्ड्स'मध्येही तेच होतं. तेविसाव्या लेव्हलमध्ये स्प्रिंग एक लोखंडी गोळा वर फेकते, तो भिंतीवरून पलीकडे जाऊन सी-सॉवर पडतो आणि घंटा वाजते. गोळा भिंतीला जेमतेम चाटून जावा, यात अमेयला, म्हणजे आमच्या डिझायनरला, भारी मजा वाटते.

त्या शनिवारी ताई भाच्याला घेऊन ऑफिसात आली आणि त्याने माझ्यासमोर गोळा भिंतीवरून नेला. मग, रात्री बॅटरी उतरली की करतो तसा, सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी सेव्हर चालू केला. तीच मांडणी, तेच बटण. गोळा भिंतीच्या कडेला ठेचकाळून परत आला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच.

अमेय लगेच म्हणाला, "गोळा जड झालाय. मास कमी कर." गेमच्या धंद्यातही अर्ध्या लोकांना वाटतं की जड वस्तू जोरात खाली येते. इंजिनमध्ये गुरुत्वाकर्षण म्हणजे प्रत्येक वस्तूच्या वेगात दर सेकंदाला केलेला सारखाच बदल. आमच्याकडे तो १० आहे, मग ती वस्तू पीस असो की पाटा. वस्तुमान कामाला येतं ते धक्क्याच्या वेळी. आमची स्प्रिंग ६ चा आवेग देते, गोळा १ किलोचा, म्हणून वेग मिळतो सेकंदाला ६ मीटर. गोळा हलका केला तर तो उंच उडेल हे खरं, पण पलीकडे टक्कर होईल तेव्हा त्याचं हलकेपण तिथेही मोजलं जाईल. अमेयच्या हट्टापायी ९०० ग्रॅमचा करून बघितला. भिंतीवरून झकास गेला, पण सी-सॉ त्याच्या वजनाने झुकेचना.

मग मी कंटाळवाणं काम केलं. गोळ्याने गाठलेली सर्वांत जास्त उंची लॉगमध्ये छापली. बॅटरी सेव्हर बंद असताना सुमारे १.७७५ मीटर, चालू असताना १.७५. भिंत १.७६. आणि पाठकोऱ्या कागदावर अकरावीचं सूत्र, वेगाचा वर्ग भागिले दोन जी: ३६ भागिले २०, म्हणजे १.८. दोन्ही आकडे चूक होते, फक्त कमीजास्त!

इथे इंजिन कसं चालतं ते सांगायला हवं. त्याला वक्ररेषा माहीत नसते. ते वेळेचे तुकडे करतं, आणि प्रत्येक तुकड्यात आधी गुरुत्वाने वेग कमी करतं, मग त्या कमी झालेल्या वेगाने वस्तू सरकवतं. हा क्रम मुद्दाम आहे. उलट केलं, म्हणजे आधी सरकवून मग वेग बदलला, तर झोके आणि स्प्रिंगा दर फेरीला थोडी फुकटची ऊर्जा कमावत राहतात आणि शेवटी स्फोट झाल्यासारख्या उधळतात. या क्रमाची किंमत एवढीच की गोळा वर जाताना प्रत्येक तुकड्यात थोडा जास्त दाबला जातो. एकूण तूट येते वेग गुणिले तुकड्याची लांबी, भागिले दोन. सेकंदाचे ६० तुकडे केले तर ५ सेंटिमीटर, १२० केले तर अडीच. लॉगमधले आकडे बरोबर तेच होते.

भाच्याचा फोन एरवी सेकंदाला १२० वेळा चित्र काढतो, बॅटरी सेव्हरमध्ये ६० वेळा. आणि आमच्या कोडमध्ये ही ओळ होती:

```
world->Step(frameTime, 8, 3);
```

`frameTime` म्हणजे मागच्या चित्राला लागलेला वेळ. थोडक्यात, गुरुत्व आम्ही फोनच्या पडद्याला बांधून टाकलं होतं. असं करू नका, हे बॉक्सटूडीच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय. ती ओळ कोणाची हे बघायला गिट उघडलं. माझीच निघाली, गेमच्या पहिल्या आठवड्यातली.

मग जुनी एक तक्रारही आठवली: स्वस्त फोनवर गोळा बिजागरीच्या फळीतून आरपार जातो. ती आम्ही 'फोन भंगार' म्हणून बंद केली होती. गोळा २० सेंटिमीटरचा, फळी १० ची. गोळा टेकल्यापासून त्याचा मध्य फळीच्या मध्याला पोचेपर्यंत १५ सेंटिमीटर. सेकंदाला ८ मीटर वेग असेल तर ६० तुकड्यांत एका उडीत १३ सेंटिमीटर होतात, त्यामुळे टक्कर वेळेत सापडते. फोन धापा टाकत ३० वर आला की उडी २७ सेंटिमीटरची होते. इंजिन बघतं तोवर गोळा कधी कधी अर्ध्याच्या पुढे गेलेला असतो, आणि मग ते त्याला भलत्याच बाजूने बाहेर काढतं. स्थिर जमिनीशी होणारी टक्कर बॉक्सटूडी आपणहून वाटेत तपासतं. फळी मात्र हलती, तिच्यासाठी गोळ्याला 'बुलेट' अशी खूण करावी लागते. आम्ही केली नव्हती.

दुरुस्ती पाच ओळींची:

```
acc += std::min(frameTime, 0.1f);
while (acc >= dt) {
    world->Step(dt, 8, 3);
    acc -= dt;
}
```

`dt` कायम १/६०. चित्राला लागलेला वेळ `acc` मध्ये साठवायचा आणि त्यातून सारखे तुकडे कापून खर्च करायचे. ०.१ ची मर्यादा नसेल तर मंद फोन मागे पडतो, भरपाईसाठी जास्त तुकडे करतो आणि आणखी मागे पडतो. १२० च्या पडद्यावर तर दर दुसऱ्या चित्रात काहीच हलत नाही, त्यामुळे गोळा अडखळल्यासारखा दिसतो. म्हणून मागच्या दोन स्थितींच्या मधली जागा काढून तिथे गोळा दाखवावा लागतो. त्यात माझी संध्याकाळ गेली.

पण दुरुस्तीनंतर तेविसावी लेव्हल जगात कुठल्याच फोनवर सुटेना. अमेयने सगळ्या लेव्हल स्वतःच्या नव्याकोऱ्या १२० च्या फोनवर जुळवल्या होत्या. तो म्हणाला, मग १/१२० ठेव. पण स्वस्त फोनवर दुप्पट हिशेब कोण करणार? आमचे निम्मे खेळाडू तेच फोन घेऊन लोकलमध्ये उभे असतात. तासभर वाद झाला. शेवटी भिंत १.७२ केली आणि बाकीच्या चाळीस लेव्हल हाताने पुन्हा तपासल्या. अमेय दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. 'चाटून जाण्याची' मजा गेली, असं त्याचं अजूनही म्हणणं आहे, आणि ते पूर्ण खोटं नाही.

नवा बिल्ड मी भाच्याला पाठवला. बॅटरी सेव्हर लावून त्याने गोळा पलीकडे नेला, घंटा वाजली. मग फोन आला.

"मावशी, भिंत बुटकी केलीस ना?"

चार सेंटिमीटर. फोनच्या पडद्यावर ते जेमतेम दिसण्याइतके.