तीस डब्यांवर तीन फुकट

महिन्याची 29 तारीख होती. लालबागच्या आमच्या दुकानात एजन्सीचा सेल्समन आला आणि हेल्थ पावडरच्या डब्यांची स्कीम सांगू लागला. "दादा, तीसवर तीन फुकट. उद्यापर्यंतच."

छापील किंमत 240, मला टॅक्ससकट पडतो 216 ला. म्हणजे डब्यामागे 24 रुपये. एमआरपीत सगळे कर आलेले असतात आणि त्यावर एक रुपया घेता येत नाही, त्यामुळे आमची कमाई विकताना वाढत नाही. ती खरेदीतच काढायची. 6480 ला 33 डबे म्हणजे डबा 196 रुपये 36 पैशांना. सुटणार जवळपास 44. मी हो म्हणणारच होतो.

गल्ल्यावरून आईने विचारलं, "महिन्याला जातात किती?"

पाच. सेल्समनकडच्या मालाला सात महिन्यांची मुदत उरली होती, पण शेवटच्या दोन महिन्यांत गिऱ्हाईक तारीख बघून डबा परत ठेवतं. म्हणजे विकायला पाच महिने, 25 डबे, 6000 रुपये. गुंतलेले 6480. उरलेले आठ परत घेतले नाहीत, तर 44 रुपयांच्या मार्जिनवर 480 चा तोटा. शिवाय पलीकडचा मार्ट हाच डबा 230 ला देतो, ते धरलंच नाही.

मी म्हटलं, "तीस नको, दहा घेतो. एक फुकट, माल उतरताच रोख देणार म्हणून दोन टक्के कॅश डिस्काउंट, आणि मुदत संपलेला माल बदलून देणार हे बिलावर लिहायचं. कपड्याच्या साबणाचे चार बॉक्सही तुझ्याकडूनच." साबण मला लागणारच होता, पण त्याचं टार्गेट अडलं होतं आणि ते मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाहेर जाऊन त्याने सुपरवायझरला फोन केला. बराच वेळ बोलला. परत येऊन म्हणाला, "चालेल, पण कोणाला सांगू नका."

2160 मधून 43 रुपये 20 पैसे गेले, 2116.80. भागिले अकरा, 192 रुपये 44 पैसे. तीसच्या स्कीमपेक्षा स्वस्त, आणि माल दोन-सव्वादोन महिन्यांत संपणार.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. बिलात डबे दहाच. "स्कीमचा नंतर पाठवतो," टेम्पोवाला म्हणाला. फुकटचा डबा बिलात नसला की तो आला नाही तर मागता येत नाही, आणि डबा पडतो 211.68 ला. मी सही केली नाही. दीड तासाने नवं बिल आलं, अकरावा डबा शून्य दराने लिहिलेला, सोबत डबाही.

पैसे मोजता मोजता सवयीने डबे उलटे करून पाहिले. दहांची मुदत सात महिने. अकराव्याची सहा आठवडे. तो तेवढा टेम्पोत परत ठेवला आणि बदलून येईपर्यंत बिलाचे 200 रुपये राखून ठेवले.