पंचगंगेवरचा पेपर दुसऱ्या जर्नलच्या साच्यात बसवताना

पंचगंगेच्या पाण्यावरचा आमचा पेपर एका जर्नलने 'विषय फारच स्थानिक' म्हणून परत केला. तोच पुढे 'सायंटिफिक रिपोर्ट्स'साठी बसवला. तिथे विषय किती मोठा यापेक्षा काम शास्त्रीयदृष्ट्या पक्कं आहे का, हे बघतात. त्यामुळे कोल्हापूरपुरता विषय असण्याची अडचण नव्हती. अडचण होती ती मांडणीची आणि शब्दांची.

त्यांच्या सूचनांप्रमाणे सारांश २०० शब्दांत आणि मुख्य मजकूर साधारण ४,५०० शब्दांत बसवायचा असतो. या ४,५०० मध्ये सारांश, पद्धती, संदर्भसूची आणि आकृत्यांखालचा मजकूर धरत नाहीत. हे नीट वाचलं नाही तर माणूस नको तिथे कात्री लावतो. आमची फाइल सारांश, संदर्भसूची आणि आकृत्यांखालचा मजकूर सोडून ७,४०० शब्दांची होती. त्यातल्या पद्धती १,७०० शब्दांच्या, म्हणजे मोजायचे शब्द ५,७००.

मजकूर कापण्याआधी संदर्भांची शैली बदलून घ्यावी. जुन्या जर्नलला कंसात लेखकाचं नाव आणि साल लागायचं, इथे नुसता क्रमांक. असा प्रत्येक कंस चारेक शब्द खातो. आमच्याकडे ते पंचाहत्तरेक ठिकाणी होते, म्हणजे एक वाक्यही न कापता ३०० शब्द गेले. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरात Document Preferences मध्ये शैली Nature केली की हे आपोआप होतं, मात्र फाइलमधले दुवे जिवंत हवेत. आधीच्या जर्नलला पाठवताना Unlink Citations केलेलं असेल तर त्या फाइलवर काही चालत नाही. त्याआधीची प्रत शोधावी लागते. आणि 'अमुक यांनी (२०१८) दाखवलं' अशी वाक्यं हाताने तपासावी लागतात, कारण साल गेल्यावर ती लंगडी पडतात.

उरलेले ९०० शब्द दोन ठिकाणी सापडले. भारतातल्या नद्यांच्या प्रदूषणावर प्रस्तावनेत सर्वसाधारण परिच्छेद होते, त्यातून ५००. निकालांत तक्त्यातलेच आकडे पुन्हा वाक्यांत लिहिले होते, त्यातून ४००. पद्धतींना हात लावला नाही.

खरं काम पुढेच आहे. हे जर्नल सुचवतं त्या मांडणीत प्रस्तावनेनंतर थेट निकाल, मग चर्चा आणि पद्धती शेवटी. आम्ही तीच धरली. तो विभाग उचलून खाली नेणं मिनिटाचं काम, पण त्याबरोबर सगळ्या व्याख्याही खाली जातात. आमच्या निकालांचं पहिलंच वाक्य होतं, 'एस-४ ला बीओडी सर्वाधिक आढळला.' बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन आणि एस-४ म्हणजे इचलकरंजी, हे आता वाचकाला कित्येक पानांनंतर कळणार. म्हणून निकालांत सगळीकडे गावांची नावं घातली: प्रयाग चिखली, राजाराम बंधारा, इचलकरंजी, नृसिंहवाडी. निकालांच्या तोंडाशी दोन वाक्यंही जोडली: नमुने कुठून घेतले, कोणत्या महिन्यांत घेतले आणि काय मोजलं.

बीओडीची गोष्ट जास्त नाजूक आहे. आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे तो २७ अंश सेल्सिअसला ३ दिवसांचा मोजतात. बाहेरच्या समीक्षकाच्या डोक्यात २० अंशाला ५ दिवसांचा असतो. पद्धती आधी असताना हे आपसूक वाचलं जायचं. आता निकालांत पहिल्याच उल्लेखाला '३ दिवस, २७ अंश' लिहिलंच पाहिजे, नाहीतर समीक्षक आमचे आकडे चुकीच्या मापाने ताडून बघतो.

जुन्या पेपरात निकाल आणि चर्चा एकत्र होत्या, त्या वेगळ्या करायच्या होत्या. यासाठी वाक्यागणिक खूण केली. फक्त आमचा आकडा आहे ते वाक्य निकालांत. जिथे कारण, तुलना किंवा दुसऱ्याचा संदर्भ आहे ते चर्चेत. गोंधळ घालतात ती मिश्र वाक्यं. 'इचलकरंजीजवळ कापड प्रक्रिया उद्योगांच्या सांडपाण्यामुळे बीओडी वाढला' हे एक वाक्य दिसतं, पण त्यात मोजलेलं फक्त 'वाढला' एवढंच. तेवढं निकालांत ठेवलं. सांडपाण्याचं कारण चर्चेत नेलं, आणि तिथे 'मुळे' काढून 'असण्याची शक्यता' केलं, कारण सांडपाण्याचे वेगळे नमुने आम्ही घेतलेच नव्हते. वाक्य फोडलं नसतं तर हा कच्चा दुवा तसाच राहिला असता.

त्याच मांडणीत चर्चेला उपशीर्षकं नसतात, म्हणून प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात विषय यायला हवा. 'यावरून असे दिसते' अशी सुरुवात वरच्या शीर्षकाच्या आधारावर उभी असते. शीर्षक गेलं की 'यावरून' म्हणजे कशावरून, ते कळत नाही.

आकृत्या आणि तक्ते मिळून मर्यादा ८ ची, आमचे ११ होते. नमुना स्थळांचा नकाशा ठेवला, कारण पद्धती शेवटी गेल्यावर वाचकाला तोच आधार आहे. महिनावार कच्च्या आकड्यांचे तीन तक्ते पूरक फाइलमध्ये टाकले आणि आकडे कुठे मिळतील हे सांगणाऱ्या निवेदनात त्या फाइलचा उल्लेख केला.

पाठवण्याआधी विभागातल्या, पण पाण्यावर काम न करणाऱ्या सहकाऱ्याला फक्त प्रस्तावना आणि निकाल छापून द्यावेत आणि न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारायला सांगावं. पद्धतींबरोबर खाली गेलेली, पण निकालांत अजून लागणारी प्रत्येक व्याख्या त्या रेघांमधून सापडते.