कापसाचा हिशोब आणि नवा फोन

दारव्हा तालुक्यात माझं मोबाईल विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं ग्रामपंचायतीच्या सभागृहात मला भाषणाला बोलावलं. विषय त्यांनीच ठरवला होता: फोन बदलताना व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गप्पा कशा जपायच्या. सतरंजीवर चाळीसेक जण, तिळगुळाची डबी फिरतेय, आणि मी चार पानं लिहून नेलेली.

सुरुवात झोकात झाली. दोन फोन शेजारी ठेवून मी करूनच दाखवलं. दोन्ही अँड्रॉइड, दोन्हींत वाय-फाय आणि लोकेशन चालू. जुन्यात Settings, Chats, मग Transfer chats. नव्यात व्हॉट्सअ‍ॅप टाकून नंबर पक्का केला, गप्पा जुन्या फोनवरून आणायचा पर्याय घेतला, की त्यावर एक चौकोनी कोड येतो. तो जुन्या फोनच्या कॅमेऱ्यानं टिपायचा. सगळ्या गप्पा एका फोनातून दुसऱ्यात थेट जातात, मधे इंटरनेटच्या साठ्यात ठेवायची गरज नाही. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

तेवढ्यात मागून एक काका उठले. सत्तरीचे, नऊ एकर कापसाचे मालक. "भाऊ, हे तं बेस झालं. पन माहा हिशोब कुठी गेला, ते सांग ना."

त्यांनी फोन गुरुवारी घेतला होता. माझ्याच दुकानातून.

काकांना लिहायचा कंटाळा. दोन वर्षांपासून ते कापूस वेचणीचा हिशोब बोलून ठेवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच निरोप पाठवता येतो, तिथं रोज संध्याकाळी, 'आज अमकीचे बावीस किलो, तमकीला पाचशे उचल'. मजुरी किलोवर, त्यामुळं वही म्हणजे तो आवाजच. आणि गुरुवारपासून त्या ठिकाणी काहीच नव्हतं.

भाषण तिथंच संपलं, असं म्हणायला हरकत नाही. चार पानं खिशात घातली आणि काकांना घेऊन दुकानात गेलो. मागून आठ-दहा जण आलेच.

दुकानातल्या पोराला विचारलं. जुना फोन एक्स्चेंजमधे घेतलेला, त्याच संध्याकाळी त्यानं रिसेट मारला. रिसेट झालेल्या फोनातून गप्पा काढणं माझ्या हातचं नाही. ही वाट बंद. नव्या फोनाचं काय केलं? "काकाले जुन्या जीमेलचा पासवर्ड याद नव्हता, म्हनून नवीन जीमेल काढला. व्हॉट्सअ‍ॅपनं बॅकअप दाखवलाच नाही, मंग मी Skip दाबलं."

आमच्या धंद्यातली ही सर्रास चालणारी गोष्ट आहे आणि मी स्वतः ती शेकड्यानं केली आहे. म्हातारं माणूस, पासवर्ड आठवत नाही, काउंटरवर गर्दी. नवा जीमेल दोन मिनिटांत निघतो. पण अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगल खात्यात बसतो, आणि परत आणायला दोन्ही जुळावे लागतात: तोच नंबर आणि तेच खातं. नंबर जुना, खातं नवं, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप रिकाम्या कोठीत शोधणार आणि काही नाही म्हणून सांगणार. गावातल्या कितीतरी लोकांचे तीन-तीन जीमेल आहेत आणि त्यांना त्यातला एकही माहीत नाही. आम्हीच काढून दिले.

एका अर्थी त्या नव्या खात्यानंच वाचवलं. जुनंच खातं असतं आणि Skip दाबून रिकामं व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं असतं, तर पुढचा बॅकअप चांगल्या बॅकअपच्या जागी जाऊन बसला असता. जुना बॅकअप, असलाच तर, जुन्या खात्यात तसाच पडलेला असणार.

जुनं खातं कुठलं? इथं मला माझी जाड वही काढावी लागली. गिऱ्हाईकाचं नाव, जीमेल, पासवर्ड. तासाभरापूर्वी मी सभागृहात सांगत होतो की पासवर्ड कुणाला देऊ नका. मागच्या आठ-दहा जणांतल्या एका निवृत्त मास्तरांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलले काही नाहीत.

काकांचं नाव सापडलं. नव्या फोनात ते खातं जोडलं. पडताळणीचा कोड त्यांच्याच नंबरवर आला. व्हॉट्सअ‍ॅप काढण्याआधी गुगल ड्राइव्ह उघडून बॅकअपच्या यादीत पाहिलं. हे पाहणं महत्त्वाचं, कारण तिथं तारीख दिसते. बॅकअप होता. तारीख भाऊबीजेची.

"दिवाळीले कुठी होते काका?"

"नागपूरले, पोरीकडं."

पोरीकडं वाय-फाय आहे. काकांच्या घरी नाही, गावात दुसऱ्या कुणाच्या घरीही नाही. बॅकअप मोबाईल डेटावर घ्यायचं बटण, Back up using cellular, त्यांच्या फोनात कधी चालूच केलं नव्हतं. म्हणजे फोन रोज वाय-फायची वाट पाहत बसला आणि वर्षातून एकदा, लेकीच्या घरी, त्याला ते मिळालं. व्हॉट्सअ‍ॅप फोनच्या आतही रोज रात्री एक प्रत ठेवतं. पण ती प्रत फोनातच असते आणि फोन आम्ही पुसला होता.

व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकलं. नंबर पक्का केला, या वेळी बॅकअप दिसला, परत घेतला. आधी मजकूर उतरला, मग आवाज आणि फोटो मागून हळूहळू येत राहिले. गुरुवारपासूनचे तीन दिवस त्यात गेले, त्याचं काकांना काही नव्हतं. मागच्या वर्षीचा सगळा हिशोब आला, यंदाचा पहिला वेचाही आला. काकांनी एक निरोप कानाला लावून ऐकला आणि मान हलवली.

भाऊबीजेनंतरचे अडीच महिने नाहीत. म्हणजे ऐन वेचणी. दुसऱ्याला पाठवलेलं असतं तर त्याच्या फोनात तरी सापडलं असतं. स्वतःलाच पाठवलेल्याची दुसरी प्रत कुणाकडं असणार?

त्या दिवशी मी मोबाईल डेटाचं बटण चालू करून दिलं. पहिला बॅकअप दोन जीबीच्या आसपास होता आणि काकांचा पॅक दिवसाला दीड जीबीचा, म्हणून तो माझ्या दुकानातल्या वाय-फायवर उरकला. पुढचे थोडेथोडेच असतात. आलेल्या बाकीच्यांचेही फोन पाहिले. सहा जणांच्या पडद्यावर शेवटच्या बॅकअपची तारीख कुठल्या ना कुठल्या लग्नाची किंवा सणाची निघाली.

हिशोबाचं नंतर कळलं. काकांनी वेचणाऱ्या बायांना ओट्यावर बोलावलं. एकीनं घरच्या कॅलेंडरावर रोजचे किलो लिहिले होते, बाकीच्यांनी तोंडी सांगितले. काकांनी सगळं पुन्हा बोलून ठेवलं, आणि यंदा पोरीलाही पाठवलं. एका बाईच्या उचलीवरून वाद आहे, दोन हजार की तीन. ती दुकानासमोरून जाते तेव्हा मी काउंटरखाली काहीतरी शोधायला लागतो.

एक्स्चेंजचे फोन आता मी आठ दिवस रिसेट न करता खोक्यात ठेवतो, वर नाव आणि तारखेची चिठ्ठी. नागपूरचा व्यापारी रोज फोन करतो, माल कवा पाठवता म्हणून. वहीचं काय करावं ते अजून ठरलेलं नाही. फाडली तर पुढच्या काकांचं जीमेल कुठून काढू?